चार गिगाहर्ट्झची हुलकावणी

ऑक्टोबर २००४ मध्ये अमेरिकेतल्या ऑरलँडो शहरात गार्टनर या सल्लागार संस्थेचं मोठं संमेलन भरलं होतं. हजारो माहिती-तंत्रज्ञान अधिकाऱ्यांसमोर इंटेलचे तेव्हाचे मुख्याधिकारी क्रेग बॅरेट व्यासपीठावर आले आणि चक्क गुडघे टेकून बसले. माफी मागायला. ती गमतीनं होती, पण माफीचं कारण खरं होतं. चार गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ बाजारात आणू, असं इंटेलनं जाहीर केलेलं होतं आणि काही दिवसांपूर्वीच कंपनीनं तो बेत रद्द केला होता. विकला गेलेला सर्वांत वेगवान पेंटियम ४ शेवटपर्यंत ३.८ गिगाहर्ट्झवरच राहिला.

उरलेल्या ०.२ गिगाहर्ट्झसाठी एवढं काय अडलं होतं? तोवर तर हा आकडा अडखळलेला कुणी पाहिलाच नव्हता. इंटेलचा ८०८६ हा प्रोसेसर १९७८ मध्ये ५ मेगाहर्ट्झवर चालत असे. पहिला पेंटियम १९९३ मध्ये ६० मेगाहर्ट्झवर आला (त्याच्या घडणीत मोठा वाटा असलेले विनोद धाम यांचा जन्म पुण्याचा). आणि मार्च २००० मध्ये एएमडीनं ॲथलॉनच्या रूपानं एक गिगाहर्ट्झ, म्हणजे हजार मेगाहर्ट्झचा टप्पा गाठला. इंटेलचा पेंटियम ३ दोनच दिवसांत मागोमाग तिथं पोचला. बावीस वर्षांत दोनशेपट! मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग जमवून संगणक बांधून घेणाऱ्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ‘किती गिगाहर्ट्झ?’ हाच असायचा, यात नवल नव्हतं. जाहिरातींनीच त्याला तो शिकवला होता.

तो प्रश्न चुकीचा नव्हता, अपुरा होता. किती अपुरा, हे दाखवणारं एक समीकरण आहे. संगणक-रचनेच्या अभ्यासक्रमात ते पहिल्या काही तासांतच येतं आणि पुढे सगळीकडे पुन्हापुन्हा भेटतं:

वेळ = आज्ञांची संख्या × दर आज्ञेमागे लागणारे ठोके × एका ठोक्याचा काळ

कोणताही प्रोग्राम चालायला प्रोसेसरला किती वेळ लागेल, ते या तीन आकड्यांच्या गुणाकारातून कळतं. प्रोग्राम म्हणजे शेवटी ‘या दोन संख्या मिळव’, ‘तिथून हा आकडा आण’, ‘उत्तर शून्य आलं तर तिकडे जा’ अशा बारीक आज्ञांची रांग. प्रोसेसरमध्ये एक घड्याळ सतत ठोके देत असतं आणि त्याच्या तालावर सगळी कामं पुढे सरकतात. एक गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला शंभर कोटी ठोके, म्हणजेच एका ठोक्याला एक नॅनोसेकंद. दोन गिगाहर्ट्झला अर्धा नॅनोसेकंद आणि चार गिगाहर्ट्झला पाव. जाहिरातीतला आकडा समीकरणातली ही तिसरी, शेवटची संख्या तेवढी सांगतो. आधीच्या दोन संख्यांबद्दल तो काहीच बोलत नाही.

या मौनानं पूर्वीही फसगत केलेली आहे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचा व्हॅक्स-११/७८० हा १९७७ सालचा गाजलेला संगणक. तो सेकंदाला दहा लाख आज्ञा पार पाडतो असं सर्रास मानलं जाई. १९८४ मध्ये जोएल एमर आणि डग्लस क्लार्क यांनी प्रत्यक्ष काम करणाऱ्या व्हॅक्सवर मोजमाप केलं, तेव्हा एका आज्ञेमागे सरासरी १०.६ ठोके लागत असल्याचं दिसलं. व्हॅक्सचा एक ठोका २०० नॅनोसेकंदांचा होता. म्हणजे एका आज्ञेला दोन मायक्रोसेकंदांहून थोडा जास्त वेळ, आणि सेकंदाला आज्ञा जेमतेम पावणेपाच लाख. नावलौकिकाच्या निम्म्याहूनही कमी. वरच्या समीकरणाला ‘प्रोसेसरच्या कामगिरीचा लोखंडी नियम’ असं नाव पडलं, तेही एमर यांच्यामुळेच.

तिन्ही आकड्यांवर वेगवेगळ्या लोकांचा हात असतो. आज्ञा किती लागणार, हे प्रोग्राम लिहिणारा, तो प्रोसेसरच्या भाषेत उतरवणारा कंपायलर आणि त्या प्रोसेसरला मुळात कोणत्या आज्ञा समजतात, यांवर ठरतं. पेंटियम ४ मध्ये इंटेलनं एसएसई२ नावाच्या नव्या आज्ञा घातल्या. त्यांतली एकच आज्ञा दशांशचिन्हाच्या दोन मोठ्या संख्यांच्या जोड्यांची बेरीज एका दमात करते, त्यामुळे अशा गणितांत आज्ञांची संख्या निम्म्याच्या आसपास येऊ शकते. अर्थात, प्रोग्राम त्या आज्ञा वापरून नव्यानं तयार केला तरच. जुन्या प्रोग्रामला त्याचा काडीचा उपयोग नाही.

दर आज्ञेमागचे ठोके, ज्याला अभियंते इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘सीपीआय’ म्हणतात, ते प्रोसेसरच्या अंतर्गत रचनेवर अवलंबून असतात. एकाच वेळी तीन-चार आज्ञा हाताळणाऱ्या प्रोसेसरमध्ये हा आकडा एकाच्या खालीही जातो. मात्र माहितीची वाट पाहत बसावं लागलं, की तो भराभर चढतो.

राहिला ठोक्याचा काळ. तो कमी करायचा तर दोन मार्ग असतात. ट्रान्झिस्टर लहान करून अधिक चपळ बनवायचे, किंवा एका ठोक्यात करायचं काम कमी करायचं. इंटेलनं दोन्ही मार्ग धरले, पण पेंटियम ४ ची खरी कहाणी दुसऱ्या मार्गावर घडली.

दिवाळीत पाच-सहाजणी मिळून करंज्या करायला बसतात, ते डोळ्यांपुढे आणावं. एक लाट्या करते, दुसरी पाऱ्या लाटते, तिसरी सारण भरते, चौथी कडा दुमडून कातते, पाचवी तळते. एका करंजीला लागणारा एकूण वेळ यामुळे कमी होत नाही, पण दर मिनिटाला एक तयार करंजी झाऱ्यावर येते. सगळ्या रांगेचा वेग तिच्यातल्या सर्वांत सावकाश हातावर ठरतो. वेग वाढवायचा तर सावकाश काम दोघींत वाटून द्यायचं. प्रोसेसरमधल्या अशा रांगेला पाइपलाइन म्हणतात. आज्ञा वाचणं, तिचा अर्थ लावणं, लागणारे आकडे आणणं, गणित करणं, उत्तर लिहिणं असे तिचे टप्पे असतात. जितके टप्पे जास्त तितकं एकेका टप्प्याचं काम थोडं आणि तितका ठोका आखूड.

टप्पे तेवढेच ठेवून नुसताच ठोका आखडला तर काय होतं, याचाही धडा इंटेलला मिळालेला होता. २००० च्या उन्हाळ्यात एएमडीला मागे टाकण्याच्या घाईत इंटेलनं १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम ३ काढला. काही परीक्षकांच्या लक्षात आलं, की यावर लिनक्सचं कर्नल कंपाइल करायला घेतलं तर काम मध्येच कोलमडतं. एरवी संगणक ठीकठाक चालतोय असं वाटे. विजेचा संकेत सर्वांत लांबच्या वाटेनं पोचायच्या आत पुढचा ठोका पडला, तर टप्प्याच्या दारात अर्धवट उत्तर नोंदलं जातं. तेही नेहमी नाही, विशिष्ट आज्ञांच्या विशिष्ट क्रमात आणि चिप तापल्यावर. म्हणून असा दोष शोधायला तासन्‌तास चालणारं, स्वतःच्या चुका स्वतः उघड करणारं जड काम द्यावं लागतं. ऑगस्टमध्ये इंटेलनं ते प्रोसेसर परत मागवले.

पेंटियम ३ च्या पाइपलाइनमध्ये साधारण दहा टप्पे होते. नोव्हेंबर २००० मध्ये आलेल्या पेंटियम ४ मध्ये ते वीस झाले. या नव्या रचनेला इंटेलनं नेटबर्स्ट असं नाव दिलं आणि ती पुढे दहा गिगाहर्ट्झपर्यंत जाईल अशा अपेक्षा बोलून दाखवल्या जात होत्या. त्या वीस टप्प्यांपैकी दोन टप्प्यांचं काम तर फारच बोलकं होतं. त्यांत गणित नव्हतं, निर्णय नव्हता, काहीच नव्हतं. चिपच्या एका भागातून दुसऱ्या भागात संकेत पोचायला तेवढा वेळ लागतो, म्हणून ते ठेवलेले होते. अर्धा नॅनोसेकंद म्हणजे प्रकाशालाही निर्वात पोकळीत पंधरा सेंटिमीटरच जाऊ देणारा काळ, आणि चिपवरच्या केसाहून कितीतरी बारीक तारांमध्ये रोध नि धारकतेमुळे संकेत त्याहून खूप मंद चालतो. ठोका इतका आखूड झाला होता, की नुसत्या प्रवासालाही वेळापत्रकात स्वतंत्र जागा द्यावी लागली.

पहिले पेंटियम ४ आले १.४ आणि १.५ गिगाहर्ट्झचे. त्यांच्या चाचण्या घेणारे बुचकळ्यात पडले. १.२ गिगाहर्ट्झचा ॲथलॉन अनेक कामांत त्यांच्या पुढे होता. काही कामांत तर एक गिगाहर्ट्झचा जुना पेंटियम ३ सुद्धा बरोबरीनं किंवा पुढे धावत होता. घड्याळ दीडपट जलद, आणि काम तिथल्या तिथंच! तिसरा आकडा कमी झाला होता यात शंका नव्हती. मग गुणाकार कमी का होत नव्हता?

इथं एक हिशेब तपशिलानं करून पाहण्यासारखा आहे. त्यातले आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत, प्रमाणं मात्र त्या काळाला धरून आहेत. एका प्रोग्राममध्ये एक हजार कोटी आज्ञा आहेत असं समजू. काहीही अडथळा आला नाही तर एका आज्ञेला सरासरी ०.६ ठोके लागतात. हा झाला पाया. त्यावर दोन प्रकारची खोळंब्याची भर पडते.

पहिला खोळंबा चुकलेल्या अंदाजाचा. ‘उत्तर शून्य असेल तर तिकडे जा’ अशी आज्ञा आली, की उत्तर हाती येईपर्यंत पाइपलाइन थांबवून ठेवणं परवडत नाही. म्हणून प्रोसेसर अंदाज बांधतो आणि त्या वाटेवरच्या आज्ञा आत घेत राहतो. अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो. पण करंजी तळणीत पडताना कळावं की सारण खोबऱ्याचं नव्हे, खव्याचं हवं होतं, तर मधल्या सगळ्या हातांतलं अर्धवट काम टाकून पहिल्या लाटीपासून पुन्हा सुरुवात करावी लागते. रांग जितकी लांब, तितकं वाया जाणारं काम जास्त. समजा, शंभर आज्ञांमागे एकदा अंदाज चुकतो. दहा टप्प्यांच्या पाइपलाइनमध्ये दर चुकीला सुमारे दहा ठोके जातात, म्हणजे सरासरी आज्ञेमागे ०.१ ठोक्याची भर. वीस टप्प्यांत ती ०.२ होते.

दुसरा खोळंबा मेमरीचा. हवी असलेली माहिती बहुधा प्रोसेसरच्या पोटातल्या छोट्या, चपळ साठ्यात म्हणजे कॅशेमध्ये सापडते. नाही सापडली तर मदरबोर्डवरच्या मुख्य मेमरीकडे जावं लागतं. ही मेमरी प्रोसेसरच्या घड्याळाला बांधलेली नाही, तिला स्वतःचा वेळ लागतो. समजा ७५ नॅनोसेकंद, आणि हजार आज्ञांमागे चार वेळा तिकडे जावं लागतं. एक गिगाहर्ट्झवर ७५ नॅनोसेकंद म्हणजे ७५ ठोके, म्हणून आज्ञेमागे ०.३ ठोक्याची भर. दोन गिगाहर्ट्झवर तोच वेळ १५० ठोक्यांचा होतो आणि भर ०.६ वर जाते.

आता बेरीज करू. एक गिगाहर्ट्झ आणि दहा टप्पे असताना ०.६, ०.१ आणि ०.३ मिळून आज्ञेमागे नेमका एक ठोका, म्हणजे प्रोग्रामला दहा सेकंद. दोन गिगाहर्ट्झ आणि वीस टप्पे असताना ०.६, ०.२ आणि ०.६ मिळून १.४ ठोके, आणि ठोका अर्ध्या नॅनोसेकंदाचा, म्हणून सात सेकंद. घड्याळ दुप्पट जलद, पण वेळ निम्म्यावर न येता तीस टक्केच कमी. आता चार गिगाहर्ट्झ आणि तीस टप्पे घेतले तर पाया तोच ०.६, चुकलेल्या अंदाजाचे ०.३, आणि मेमरीचे तब्बल १.२. एकूण २.१ ठोके, आणि वेळ सव्वापाच सेकंद. घड्याळ चौपट जलद होऊन काम दुपटीनंही वेगवान झालेलं नाही.

हेच आकडे सेकंदांत मांडले, की दुखणं उघडं पडतं. पहिल्या प्रोसेसरच्या दहा सेकंदांपैकी तीन सेकंद मेमरीची वाट पाहण्यात गेले होते. दुसऱ्याचेही तीनच गेले, आणि तिसऱ्याचेही तीनच. अंदाज चुकण्यातला एक सेकंद दुसऱ्या प्रोसेसरवरही एकच सेकंद राहिला, कारण ठोका निम्मा झाला तसे वाया जाणारे ठोके दुप्पट झाले. खरी सुधारणा झाली ती फक्त पायाच्या सहा सेकंदांत, ते तीन आणि मग दीड झाले. समीकरणातले तीन आकडे कागदावर सुटे दिसतात, पण ते सुटे नाहीत. तिसऱ्याला खाली दाबलं, की दुसरा आपोआप वर येतो.

पहिल्या पेंटियम ४ च्या बाबतीत हिशेब याहूनही वाईट होता, कारण त्याचा पायाच पेंटियम ३ इतका भक्कम नव्हता. आखूड ठोक्यात उत्तर देता यावं म्हणून सर्वांत जवळचा माहितीचा कॅशे अवघ्या आठ किलोबाइटचा ठेवला होता. पेंटियम ३ मध्ये तो सोळाचा होता. लहान कॅशे चपळ असतो खरा, पण त्यात हवं ते सापडण्याची शक्यताही कमी असते.

निवाडा देताना एक गोष्ट मात्र इंटेलच्या बाजूनं सांगायला हवी. ही रचना सरसकट फसलेली नव्हती. जानेवारी २००२ मध्ये आलेल्या नॉर्थवूड या आवृत्तीत दुसऱ्या पातळीचा कॅशे दुप्पट, ५१२ किलोबाइटचा झाला आणि घड्याळ तीन गिगाहर्ट्झपलीकडे गेलं, तेव्हा पेंटियम ४ खरोखर वेगवान होता. चित्रफिती रूपांतरित करण्यासारख्या कामांत तर फारच. अशा कामात माहिती ओळीनं येते, पुढची माहिती आधीच मागवून ठेवता येते, अंदाज क्वचित चुकतो आणि एसएसई२ मुळे आज्ञाही कमी लागतात. पैज पूर्ण वेडेपणाची नव्हती. ती हरली ती या समीकरणात न दिसणाऱ्या एका चौथ्या आकड्यावर.

तो आकडा म्हणजे वॅट. प्रोसेसरमधला प्रत्येक ट्रान्झिस्टर उघड-मीट करताना थोडी वीज खातो. या खर्चाचं गणित सोपं आहे: वीज ही धारकता, व्होल्टेजचा वर्ग आणि वारंवारिता यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात लागते. व्होल्टेजचा वर्ग हा त्यातला घातकी भाग. त्याच चिपवर घड्याळ जलद करायचं तर ट्रान्झिस्टर लवकर उघडायला हवेत आणि त्यासाठी व्होल्टेज वाढवावं लागतं. वारंवारिता २० टक्के वाढवायला व्होल्टेज १० टक्के वाढवावं लागलं, तर वीज १.२ गुणिले १.२१, म्हणजे जवळजवळ ४५ टक्क्यांनी वाढते. आणि ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते.

मग आधीची तीस वर्षं हे का जाणवलं नाही? याचं उत्तर आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्येच देऊन ठेवलं होतं. ट्रान्झिस्टरची लांबी-रुंदी ३० टक्क्यांनी कमी केली, की व्होल्टेजही त्याच प्रमाणात कमी करता येतं. ट्रान्झिस्टर चाळीसएक टक्के जलद होतो, त्याची वीज निम्मी होते आणि जागाही निम्मी लागते. म्हणजे चिपच्या दर चौरस सेंटिमीटरमागची उष्णता जिथल्या तिथं राहते. दर दोन-तीन वर्षांनी वेग फुकट मिळत होता, तो या नियमाच्या जोरावर. पहिल्या पेंटियमला ५ व्होल्ट लागत, पहिल्या पेंटियम ४ ला पावणेदोनच्या आसपास.

पण व्होल्टेज कमी करण्यालाही तळ आहे. ट्रान्झिस्टर बंद असताना तो खरोखर बंद राहावा यासाठी त्याचं ‘उघडण्याचं’ व्होल्टेज ठरावीक मर्यादेखाली नेता येत नाही. ते नुसतं शंभर मिलिव्होल्टनं उतरवलं, तरी बंद अवस्थेतून पाझरणारा प्रवाह दहापटीच्या घरात वाढतो. शिवाय इंटेलच्या ९० नॅनोमीटर तंत्रात ट्रान्झिस्टरच्या गेटखालचा विद्युतरोधक थर १.२ नॅनोमीटरचा, म्हणजे मोजून पाचएक अणूंच्या जाडीचा उरला होता. त्यातूनही इलेक्ट्रॉन आरपार जात होते. आता चिप काहीही काम करत नसली तरी वीज खाऊ लागली होती. इंटेलचेच पॅट गेल्सिंगर यांनी फेब्रुवारी २००१ मध्ये एका तांत्रिक परिषदेत इशारा दिला होता, की हाच कल चालू राहिला तर २००५ पर्यंत चिपवरची उष्णतेची घनता अणुभट्टीच्या आणि पुढच्या दहा वर्षांत सूर्याच्या पृष्ठभागाच्या जवळ जाईल. घरातल्याच माणसानं दिलेला इशारा होता तो.

फेब्रुवारी २००४ मध्ये प्रेस्कॉट आला. नवं ९० नॅनोमीटर तंत्र, दुप्पट कॅशे आणि ३१ टप्प्यांची पाइपलाइन. त्याच वारंवारितेच्या नॉर्थवूडपेक्षा तो काही कामांत हळू निघाला आणि तापायचा मात्र जास्त. पाच गिगाहर्ट्झकडे झेप घेण्यासाठी आणलेल्या लांबलचक पाइपलाइनचा भुर्दंड पुरेपूर भरावा लागला, झेप मात्र जमली नाही. ३.८ गिगाहर्ट्झच्या प्रेस्कॉटचा उष्णतेचा अधिकृत आकडा ११५ वॅट होता, आणि चिप होती जेमतेम एक चौरस सेंटिमीटरहून थोडी मोठी. एवढ्याशा जागेतून एवढी उष्णता पंख्यानं उपसायची, तर चार गिगाहर्ट्झला आणखी व्होल्टेज देण्याची सोयच उरत नाही. मे २००४ मध्ये इंटेलनं प्रेस्कॉटनंतरचा तेजास हा प्रकल्प गुंडाळला आणि ऑक्टोबरमध्ये चार गिगाहर्ट्झचाही नाद सोडला.

सुटकेची वाट कंपनीच्याच इस्रायलमधल्या हैफा केंद्रातून निघाली. तिथल्या अभियंत्यांना लॅपटॉपसाठी प्रोसेसर करायचा होता. बॅटरी आधीच ठरलेली, त्यामुळे वॅटची उधळपट्टी पहिल्या दिवसापासून वर्ज्य. त्यांनी पेंटियम ३ च्या आखूड पाइपलाइनच्या घराण्यातली रचना घेतली, अंदाज बांधण्याची यंत्रणा सुधारली, कॅशे मोठा केला आणि मार्च २००३ मध्ये पेंटियम एम आणला. घड्याळ १.६ गिगाहर्ट्झ. कागदावर अगदीच फिका. पण दर आज्ञेमागचे ठोके इतके कमी, की बऱ्याच कामांत तो कितीतरी जास्त गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ ला गाठत असे. त्याच वाटेवर जुलै २००६ मध्ये कोअर २ ड्युओ आला: चौदा टप्पे, एका ठोक्यात चार आज्ञांपर्यंत हाताळण्याची ताकद आणि एका चिपवर दोन प्रोसेसर. २.४ गिगाहर्ट्झच्या कोअर २ ड्युओनं ३.६ गिगाहर्ट्झच्या पेंटियम डीला बहुतेक चाचण्यांत मागे टाकलं, आणि तेही ६५ वॅटच्या मर्यादेत. नेटबर्स्टचा शेवट झाला.

दोन कोअरमागचं गणितही वॅटचंच आहे. वारंवारिता आणि व्होल्टेज दोन्ही २० टक्क्यांनी उतरवली, तर वीज ०.८ च्या घनावर, म्हणजे ५१ टक्क्यांवर येते. तेवढ्याच विजेत असे दोन कोअर बसतात. मात्र हा फायदा मिळायला काम दोघांत वाटता यायला हवं. एका रांगेत, एकामागून एक करावी लागणारी आज्ञांची साखळी असेल, तर दुसरा कोअर नुसता बघत बसतो आणि पुन्हा तीन आकड्यांच्या त्याच समीकरणाशी गाठ पडते.

बाजारालाही हे हळूहळू उमगलं. एएमडीनं २००१ च्या ऑक्टोबरमध्येच १.५३ गिगाहर्ट्झच्या ॲथलॉन एक्सपीवर ‘१८००+’ असा शिक्का मारायला सुरुवात केली होती. आमच्या एका ठोक्यात जास्त काम होतं, असं गिऱ्हाइकाला सांगण्याची ती धडपड. इंटेलवाले त्याला नाकं मुरडत. २००४ मध्ये त्यांनीही गिगाहर्ट्झ मागे ठेवून मॉडेल क्रमांक पुढे केले.

ज्याच्याकडे लिनक्स आहे त्याला हे सारं स्वतःच्या यंत्रावर तपासता येतं. बहुतेक आधुनिक प्रोसेसरमध्ये आज्ञा आणि ठोके मोजणारे गणक बसवलेलेच असतात आणि एका ओळीत ते वाचता येतात:

```
perf stat -e instructions,cycles ./program
```

शेवटच्या शब्दाच्या जागी आपल्या प्रोग्रामचं नाव द्यायचं. ठोक्यांना आज्ञांच्या संख्येनं भागलं की सीपीआय मिळतो. हे साधन स्वतः ‘insn per cycle’ म्हणजे त्याचा व्यस्त आकडा छापतं. एक कोअर वापरणाऱ्या कामात हा आकडा ०.३ किंवा ०.४ असा दिसला, तर प्रोसेसर बहुतेक वेळ कशाची तरी, बहुधा मेमरीची, वाट पाहतोय असं समजावं. तिथं आणखी गिगाहर्ट्झ विकत घेऊन फारसं काही हाती लागणार नाही. तीन-साडेतीन दिसला तर मात्र वेगवान घड्याळाचा फायदा जवळपास पुरेपूर मिळेल. एक सावधगिरी हवी. नुसत्या सीपीआयवर दोन प्रोग्रामांची तुलना करू नये. कंपायलरनं निरुपयोगी आज्ञा गाळल्या, तर सीपीआय चढूनही वेळ कमी होऊ शकतो. उलट, फुकटची गिरकी घेत बसणारा प्रोग्राम सुरेख सीपीआय दाखवतो आणि काम काहीच करत नाही.

चार गिगाहर्ट्झचा टप्पा पुढे ओलांडला गेला, हेही सांगायला हवं. आयबीएमच्या मोठ्या सर्व्हरमधले प्रोसेसर तगड्या शीतनाच्या भरवशावर पाच गिगाहर्ट्झपलीकडे गेले. मार्च २०२४ मध्ये आलेला इंटेलचा कोअर आय९-१४९००केएस ६.२ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, पण फक्त दोन कोअरवर आणि थंडावा पुरेसा असेल तेव्हाच. १९७८ ते २००० या बावीस वर्षांत घड्याळ दोनशेपट जलद झालं होतं. २००४ पासूनच्या वीस वर्षांत ते दुप्पटही झालं नाही. या काळात संगणकांचा वेग वाढला तो मुख्यतः मोठ्या कॅशेमुळे, अचूक अंदाजांमुळे, एका ठोक्यात जास्त आज्ञा उरकल्यामुळे, एका आज्ञेत जास्त आकडे हाताळल्यामुळे आणि कोअरची संख्या वाढल्यामुळे.

तेव्हा नवा लॅपटॉप घेताना खोक्यावर ठळक छापलेला ‘५.० गिगाहर्ट्झपर्यंत’ हा आकडा दिसला, तर त्यातला ‘पर्यंत’ आधी वाचावा. मग आपण जे काम रोज करतो, ते चित्रफितींचं संपादन असो की मोठ्या एक्सेल फाइली, त्याच कामाला त्या यंत्रावर किती मिनिटं लागतात याच्या चाचण्या शोधाव्यात. जमलं तर दुकानात आपलीच फाइल उघडून पाहावी.